कॅमेरा म्हणतो ‘बिबट्या’, विश्वास किती ठेवायचा?

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्या उसात राहतो आणि पिल्लंही उसातच वाढवतो. अशा भागात बिबट्यांचा माग काढायचा तर बांधावर, ओढ्याकाठी, पाणंदीच्या तोंडाशी ट्रॅप कॅमेरे लावावे लागतात. समोर हालचाल झाली की कॅमेरा फोटो काढतो. पण वाऱ्याने हललेलं उसाचं पातं, रात्री फिरणारं कुत्रं, पहाटे पाणी धरायला निघालेला शेतकरी, गोठ्यातून सुटलेलं वासरू, यांच्यासाठीही तो तितक्याच तत्परतेने फोटो काढतो. महिनाअखेरीस हजारो फोटो जमतात आणि बिबट्या त्यांतल्या मोजक्याच फोटोंत असतो.

हे फोटो चाळण्याचं काम आता संगणकाकडे देता येतं. फोटोत कुठे काय आहे ते शोधून त्याभोवती चौकट आखणाऱ्या प्रणालीला ‘ऑब्जेक्ट डिटेक्टर’ म्हणतात. ट्रॅप कॅमेऱ्यांच्या जगात ‘मेगाडिटेक्टर’ हे मॉडेल बरंच वापरात आहे. ते प्राणी, माणूस आणि वाहन अशा तीनच गोष्टी ओळखतं. कोणता प्राणी, हे सांगण्यासाठी आणखी एक मॉडेल लागतं किंवा स्थानिक फोटोंवर वेगळा डिटेक्टर शिकवून तयार करावा लागतो.

असा डिटेक्टर कोणी दाखवायला आणला की सोबत एक आकडाही येतो: ‘याची अचूकता ९५ टक्के.’ हा आकडा ऐकून निर्णय घेणं धोक्याचं आहे. तो कशाचा आहे, कोणत्या फोटोंवर मोजला आणि मोजताना डिटेक्टरचा खटका कुठे लावला होता, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि हे समजून घ्यायला बेरीज-भागाकारापलीकडचं गणित लागत नाही.

एक चौकट, एक नाव, एक आकडा

डिटेक्टरला फोटो दिला की तो प्रत्येक सापडलेल्या वस्तूबद्दल तीन गोष्टी सांगतो. वस्तू फोटोत कुठे आहे ती चौकट, वस्तूचं नाव, आणि ० ते १ मधला एक आकडा. या आकड्याला कॉन्फिडन्स म्हणतात. ‘बिबट्या, ०.९३’ म्हणजे मॉडेलचा बिबट्याकडे कल फार जोरात आहे, ‘बिबट्या, ०.१८’ म्हणजे बिबट्यासारखं काहीतरी वाटतंय, इतकंच.

०.९३ म्हणजे ‘बिबट्या असण्याची शक्यता ९३ टक्के’ असं मात्र नाही. तो आकडा मॉडेलच्या आतल्या हिशेबातून येतो आणि त्याची पट्टी मॉडेलगणिक बदलते. मेगाडिटेक्टरच्या चौथ्या आवृत्तीत साधारण ०.८ च्या वरच्या चौकटी ग्राह्य धरण्याचा प्रघात होता. २०२२ मध्ये पाचवी आवृत्ती आली, तिची आतली रचना वेगळी होती, आणि तिच्यासाठी योग्य आकडा ०.२ च्या आसपास निघाला. जुन्या सवयीने नव्या आवृत्तीवर ०.८ लावणाऱ्याच्या हातून कितीतरी प्राणी निसटले असते आणि दोष मॉडेलच्या माथी गेला असता.

ज्या आकड्याच्या खालच्या चौकटी आपण टाकून देतो, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. तो डिटेक्टर ठरवत नाही, वापरणारा ठरवतो. पुढची सगळी चर्चा त्याच निर्णयाकडे जाते.

चौकट ‘बरोबर’ कधी?

परीक्षेसाठी आधी उत्तरपत्रिका लागते. माणसं काही फोटो घेऊन बसतात आणि प्रत्येक बिबट्याभोवती हाताने चौकट आखतात. मग डिटेक्टरची चौकट त्या चौकटीशी ताडून पाहतात. दोन्ही चौकटी तंतोतंत कधीच जुळत नाहीत, म्हणून किती जुळल्या तर ‘बरोबर’ म्हणायचं याचा नियम करावा लागतो. दोन्ही चौकटींनी मिळून व्यापलेल्या एकूण क्षेत्रापैकी किती भाग दोघींत सामाईक आहे, हे गुणोत्तर काढतात. त्याला आयओयू म्हणतात.

समजा दोन्ही चौकटी १०० बाय १०० पिक्सेलच्या आहेत आणि डिटेक्टरची चौकट ३० पिक्सेल उजवीकडे सरकली आहे. सामाईक भाग ७० बाय १००, म्हणजे ७,००० पिक्सेल. दोन्हींनी मिळून व्यापलेला भाग १३,०००. भागाकार ०.५४. ‘पास्कल व्हीओसी’ या स्पर्धेने रूढ केलेला नियम असा की हे गुणोत्तर ०.५ च्या वर असेल तर चौकट बरोबर. त्या नियमाने ही चौकट पास होते, ०.७५ चा कडक नियम लावला तर नापास.

बिबट्याच्या बाबतीत इथे शेपटीचा प्रश्न येतो. त्याची शेपटी लांब असते. एकाने चौकट आखताना ती आत घेतली, दुसऱ्याने बाहेर ठेवली, तर दोन माणसांच्या चौकटींतही बराच फरक पडतो. म्हणून चौकटी आखणाऱ्यांनी आधी एक नियम ठरवून घ्यायला हवा. नाहीतर मॉडेलच्या नावावर लागलेल्या चुका प्रत्यक्षात उत्तरपत्रिकेतल्या असतात.

आणखी एक नियम आहे. एका बिबट्यावर डिटेक्टरने दोन चौकटी आखल्या तर एकच बरोबर धरतात, दुसरी चूक.

बारा चौकटींची परीक्षा

आता एक छोटं उदाहरण पूर्ण सोडवू. समजा परीक्षेच्या फोटोंत माणसांनी १० बिबटे नोंदवले आहेत. डिटेक्टरने १२ ठिकाणी ‘बिबट्या’ म्हटलं. कॉन्फिडन्सच्या उतरत्या क्रमाने त्या चौकटी अशा:

| क्रम | कॉन्फिडन्स | प्रत्यक्षात |
|---|---|---|
| १ | ०.९६ | बिबट्या |
| २ | ०.९३ | बिबट्या |
| ३ | ०.९० | बिबट्या |
| ४ | ०.८४ | कुत्रा |
| ५ | ०.८१ | बिबट्या |
| ६ | ०.७२ | बिबट्या |
| ७ | ०.६६ | बिबट्या |
| ८ | ०.५५ | त्याच बिबट्यावर दुसरी चौकट |
| ९ | ०.४८ | बिबट्या |
| १० | ०.३७ | झाडाचा बुंधा |
| ११ | ०.२९ | बिबट्या |
| १२ | ०.१८ | सावली |

थ्रेशोल्ड ०.६० ठेवला तर वरच्या ७ चौकटी उरतात. त्यांतल्या ६ खऱ्या. डिटेक्टर ‘बिबट्या’ म्हणाला तेव्हा किती वेळा तो खरा ठरला? ७ पैकी ६ वेळा, म्हणजे ८६ टक्के. याला प्रिसिजन म्हणतात. जितके बिबटे खरोखर होते त्यांतले किती सापडले? १० पैकी ६, म्हणजे ६० टक्के. याला रिकॉल म्हणतात.

प्रिसिजनचा भागाकार डिटेक्टरच्या दाव्यांवर होतो आणि रिकॉलचा प्रत्यक्षातल्या बिबट्यांवर. कमी प्रिसिजन म्हणजे खोट्या हाकाट्या. कमी रिकॉल म्हणजे समोरून गेलेला आणि न दिसलेला बिबट्या.

थ्रेशोल्ड ०.२५ वर आणला तर ११ चौकटी उरतात, त्यांतल्या ८ खऱ्या. प्रिसिजन ७३ टक्के, रिकॉल ८० टक्के. उलट ०.८५ वर नेला तर ३ चौकटी उरतात, तिन्ही खऱ्या. प्रिसिजन १०० टक्के, पण रिकॉल ३० टक्के. मॉडेल तेच, फोटो तेच. एक आकडा सरकवला आणि ‘१०० टक्के अचूक’ असा दावा करण्याची सोय झाली. दहातले सात बिबटे निसटले, हे त्या दाव्यात कुठेच दिसत नाही. म्हणून प्रिसिजनचा आकडा एकटा सांगितला तर तो अपुरा आहे. त्याच थ्रेशोल्डचं रिकॉल सोबत हवंच.

आणि दोन बिबटे असे आहेत की थ्रेशोल्ड कितीही खाली आणला तरी ते सापडत नाहीत, कारण डिटेक्टरने त्यांच्यावर चौकटच आखलेली नाही. कदाचित ते उसात अर्धे झाकलेले असतील, कदाचित कॅमेऱ्यापासून दूर असतील. ही उणीव थ्रेशोल्डने भरून निघत नाही. त्यासाठी तसे फोटो दाखवून मॉडेल पुन्हा शिकवावं लागतं.

सगळ्या थ्रेशोल्डांचा एक आकडा

दोन मॉडेलांची तुलना करायची तर थ्रेशोल्ड कोणता धरायचा? एकाचा ०.६० आणि दुसऱ्याचा ०.६० सारखे नाहीत, हे वर पाहिलंच. त्यावर काढलेला तोडगा असा की सगळेच थ्रेशोल्ड धरायचे. यादीत वरून खाली येताना प्रत्येक नव्या खऱ्या बिबट्याला प्रिसिजन किती होतं ते नोंदवायचं आणि त्याची सरासरी घ्यायची. ही ‘ॲव्हरेज प्रिसिजन’, थोडक्यात एपी.

आपल्या यादीत पहिल्या तीन बिबट्यांपर्यंत प्रिसिजन १ आहे. चौथ्याला ते ०.८० होतं, पाचव्याला ०.८३, सहाव्याला ०.८६, सातव्याला ०.७८, आठव्याला ०.७३. मध्येच खाली जाऊन वर आलेले खड्डे भरून घेण्याची रीत आहे. पुढे जाऊन जास्त रिकॉलवर अधिक प्रिसिजन मिळत असेल, तर आधीच्या ठिकाणीही तेच धरतात. त्यामुळे चौथा, पाचवा, सहावा या तिघांनाही ०.८६ मिळतं. न सापडलेल्या दोघांना शून्य. आता दहाही आकड्यांची बेरीज करून दहाने भागलं की ०.७१ येतं. या डिटेक्टरची बिबट्यासाठीची एपी ०.७१.

डिटेक्टर बिबट्याबरोबर कुत्रा आणि गुरंही ओळखत असेल, तर प्रत्येक प्रकाराची एपी वेगळी काढतात आणि त्यांची सरासरी घेतात. ती ‘मीन ॲव्हरेज प्रिसिजन’, म्हणजे एमएपी. इथेच पहिला सापळा आहे. समजा कुत्र्याची एपी ०.९० आणि गुरांची ०.९४ आहे. बिबट्याच्या ०.७१ बरोबर त्यांची सरासरी ०.८५ येते. अहवालाच्या पहिल्या पानावर ०.८५ छापलं जातं, आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तो बिबट्या सर्वांत कच्चा आहे, हे आतल्या पानावर राहतं. ज्या प्राण्यासाठी यंत्रणा उभी करायची, त्याची एपी स्वतंत्रपणे मागून घ्यावी.

दुसरा सापळा नियमाच्या कडकपणाचा. २०१४ साली आलेल्या ‘कोको’ या फोटोसंग्रहाने आयओयूची एकच पायरी न धरता ०.५० पासून ०.९५ पर्यंत ०.०५ च्या अंतराने दहा पायऱ्या धरल्या आणि दहाही वेळच्या एमएपीची सरासरी घेतली. चौकट किती नेमकी बसते, हेही त्यामुळे मोजलं जातं. साहजिकच हा आकडा ०.५ च्या पायरीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो. दोन मॉडेलांची तुलना करताना एकाचा एक आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा घेतला, तर ती तुलनाच चुकते. शिवाय आपल्याला काय हवंय ते पाहायला हवं. चौकटीवरून प्राण्याची लांबी मोजायची असेल तर कडक मोजमाप महत्त्वाचं. ‘वस्तीजवळ बिबट्या आला’ एवढंच कळायला हवं असेल, तर चौकट शेपटीपर्यंत गेली की नाही याने काही बिघडत नाही.

पडद्यावरच्या कोष्टकात काय दडलंय

सध्या अनेक जण ‘योलो’ घराण्यातली मॉडेलं वापरतात. ‘अल्ट्रालिटिक्स’च्या योलोमध्ये मॉडेलची परीक्षा आणि प्रत्यक्ष वापर यांसाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत:

```
yolo val model=best.pt data=bibtya.yaml split=test
yolo predict model=best.pt source=photos conf=0.40
```

पहिल्या आज्ञेनंतर कोष्टक येतं आणि त्यात `P`, `R`, `mAP50`, `mAP50-95` असे रकाने असतात. शेवटचे दोन म्हणजे वर सांगितलेली सैल आणि कडक एमएपी. पण `P` आणि `R` कोणत्या थ्रेशोल्डचे? प्रिसिजन आणि रिकॉल दोन्हींना सारखं वजन देणारा एफ-वन नावाचा गुण जिथे सर्वाधिक येतो, त्या थ्रेशोल्डचे. दुसऱ्या आज्ञेत `conf` दिलाच नाही, तर ती आपला ठरलेला ०.२५ वापरते. म्हणजे कोष्टकात वाचलेलं प्रिसिजन एका थ्रेशोल्डचं आणि शेतात चाललेला डिटेक्टर दुसऱ्याच थ्रेशोल्डवर, असं सहज घडतं. ‘चाचणीत चांगलं होतं, इथे वेगळंच वागतंय’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच कारण असतं.

याउलट चूक अशी की एमएपी काढतानाच थ्रेशोल्ड वाढवून ठेवायचा. परीक्षेची आज्ञा मुद्दाम ०.००१ इतका नगण्य थ्रेशोल्ड धरते, कारण एपीला यादीचं शेपूटही लागतं. आपल्या उदाहरणात ०.६० च्या खालच्या चौकटी आधीच टाकल्या असत्या, तर एपी ०.७१ ऐवजी ०.५६ आली असती. मॉडेल तेच राहिलं, आपण त्याची उत्तरं अर्ध्यात कापली.

चाचणीतला बिबट्या आणि शेतातला बिबट्या

आता सर्वांत मोठी गफलत. तिच्यामुळे चाचणीत उत्तम ठरलेल्या यंत्रणा महिन्याभरात बंद पडू शकतात.

समजा चाचणीसाठी १,००० फोटो घेतले. त्यांतल्या ५०० मध्ये एकेक बिबट्या आहे आणि ५०० मध्ये नाही. थ्रेशोल्ड ०.४० वर डिटेक्टर ९० टक्के बिबटे पकडतो आणि बिबट्या नसलेल्या १०० फोटोंमागे २ फोटोंत चुकून ‘बिबट्या’ म्हणतो. म्हणजे ४५० खऱ्या आणि १० खोट्या हाका. प्रिसिजन जवळजवळ ९८ टक्के. सगळे खूश.

हाच डिटेक्टर शेतात लावला. महिन्याला २०,००० फोटो आले आणि त्यांतल्या ४० मध्येच बिबट्या होता. डिटेक्टरने ९० टक्के पकडले, म्हणजे ३६. उरलेल्या १९,९६० फोटोंवर तो १०० मागे २ या जुन्याच दराने चुकला, म्हणजे सुमारे ३९९ खोट्या हाका. ४३५ हाकांपैकी ३६ खऱ्या. प्रिसिजन ८ टक्के.

डिटेक्टर इथे बिघडलेला नाही. त्याचं रिकॉल तेच आहे, चुकण्याचा दरही तोच आहे. बदललं ते बिबट्या असलेल्या आणि नसलेल्या फोटोंचं प्रमाण. रिकॉल या प्रमाणावर अवलंबून नसतं. प्रिसिजन पूर्णपणे असतं. एपीची मांडणी प्रिसिजनवर उभी असल्यामुळे तीही सोबत खाली येते. म्हणून प्रिसिजन मोजायचं ते आपल्याच कॅमेऱ्यांतून आलेल्या, निवड न केलेल्या फोटोंवर, रिकाम्या फोटोंसकट. बिबट्याचे सुंदर फोटो वेचून केलेली चाचणी रिकॉलबद्दल थोडंफार सांगेल, खोट्या हाकांबद्दल काहीच सांगणार नाही.

जागेचाही असाच परिणाम होतो. सारा बीरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ट्रॅप कॅमेऱ्यांच्या फोटोंवर दाखवून दिलं की ज्या जागांचे फोटो शिकवताना वापरले तिथे मॉडेल चांगलं चालतं आणि नव्या जागी ठळकपणे घसरतं. एकाच कॅमेऱ्याचे काही फोटो शिकवण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी वापरले, तर परीक्षेत तोच बांध, तोच खांब, तोच दगड येतो आणि गुण फुगतात. विभागणी फोटोंची न करता कॅमेऱ्यांची करावी. परीक्षेचे कॅमेरे मॉडेलने कधीच पाहिलेले नसावेत.

थ्रेशोल्ड कामावरून ठरतो

एफ-वन सर्वाधिक कुठे येतो ते पाहून थ्रेशोल्ड लावून टाकणं सोपं आहे. पण त्यात खोटी हाक आणि निसटलेला बिबट्या या दोन चुका सारख्याच तोलाच्या धरल्या जातात. प्रत्यक्षात त्या कधीच सारख्या नसतात. कोणती चूक किती महाग, हे काम ठरवतं. एकाच डिटेक्टरची दोन कामं घेऊ.

पहिलं काम अभ्यासाचं: महिन्याच्या फोटोंतून बिबट्यांचे सगळे फोटो काढायचे आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून कोणता बिबट्या कोणता ते ओळखायचं. इथे डिटेक्टरनंतर माणूस प्रत्येक फोटो पाहणारच आहे. खोट्या हाकेची किंमत म्हणजे त्याची काही सेकंदं. निसटलेला फोटो मात्र कायमचा गेला. म्हणून थ्रेशोल्ड खाली ठेवायचा. समजा ०.१० वर ४० पैकी ३९ बिबटे मिळतात आणि त्यासाठी ३,००० फोटो पाहावे लागतात. प्रिसिजन जेमतेम १.३ टक्के. आकडा लाजिरवाणा वाटतो, पण एका फोटोला पाच सेकंद धरली तर २०,००० फोटो पाहायला सुमारे २८ तास लागले असते, ते काम आता सव्वाचार तासांत होतं. या कामाला हा डिटेक्टर उत्तम आहे.

दुसरं काम इशाऱ्याचं: बिबट्या दिसला की वनरक्षकाच्या आणि पोलीस पाटलाच्या फोनवर संदेश. इथे मधे तपासणारं कोणी नाही. महिन्याला ३९९ खोटे इशारे म्हणजे रोज रात्री तेरा. आठवड्याभरात लोक फोन बघणं सोडतील, आणि मग खरा इशाराही वाया जाईल. म्हणून उलट बाजूने सुरुवात करावी. गावकरी आणि वनकर्मचारी एका रात्रीत किती खोटे इशारे सहन करतील? समजा उत्तर आलं, दोन. म्हणजे महिन्याला ६०. आता परीक्षेच्या फोटोंवर वेगवेगळे थ्रेशोल्ड लावून पाहायचे. समजा ०.६० वर ३२ खरे आणि ८० खोटे इशारे येतात, ०.७० वर ३० खरे आणि २० खोटे. ०.६० मर्यादेबाहेर जातो, ०.७० आत बसतो. ०.७० वर प्रिसिजन ६० टक्के आणि रिकॉल ७५ टक्के. मधला एखादा आकडा, जिथे खोटे इशारे ६० च्या आत राहून एखादा बिबट्या जास्त सापडेल, तोही तपासून पाहता येतो.

यानंतर एक प्रश्न सरळ विचारावा लागतो. दर चार फोटोंमागे एक बिबट्या निसटणार असेल, तर ही यंत्रणा लोकांच्या भरवशाला पात्र आहे का? नसेल, तर थ्रेशोल्डशी खेळून उपयोग नाही. मॉडेल सुधारायला हवं किंवा कॅमेरे वाढवायला हवेत. आणि इशारा आला नाही म्हणजे बिबट्या नाही, असा समज गावात पसरू न देणं ही यंत्रणा लावणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

यात एक दिलासा आहे. ट्रॅप कॅमेरा सहसा लागोपाठ तीन-चार फोटो काढतो, आणि इशाऱ्याला त्यांतल्या एकात बिबट्या सापडला तरी पुरतं. त्यामुळे फोटोमागचं रिकॉल ७५ टक्के असलं तरी फेरीमागचं रिकॉल त्याहून वर असू शकतं. मात्र ते गणिताने फुगवू नये. बिबट्या दूरवर आडोशाला असेल तर चारही फोटोंत तो तसाच असतो आणि चारही एकदमच हुकतात. फेरी हाच घटक धरून वेगळी मोजणी करावी.

आकड्यांवर सही करण्याआधी

थ्रेशोल्ड ज्या फोटोंवर निवडला त्यांच्यावरच अंतिम गुण जाहीर करू नयेत. तो त्या फोटोंना साजेसा निवडलेला असतो, म्हणून तिथे गुण चांगलेच दिसतात. अंतिम मोजणीसाठी फोटोंचा तिसरा, हात न लावलेला गठ्ठा ठेवावा. त्यात बिबटेही पुरेसे असावेत. १० बिबट्यांच्या चाचणीत एक जास्त सापडला की रिकॉल १० टक्क्यांनी उडी घेतं. १०० बिबट्यांवर ८० टक्के रिकॉल आलं तरी खरा आकडा साधारण ७२ ते ८८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. त्यामुळे ८० आणि ८३ टक्क्यांच्या दोन मॉडेलांत एवढ्यावरून निवड करता येत नाही.

मग चुका डोळ्यांनी पाहाव्यात. खोट्या हाकांतल्या सर्वाधिक कॉन्फिडन्सच्या आधी. त्यांत कधी कधी खरा बिबट्या निघतो, जो चौकटी आखणाऱ्या माणसाकडून राहून गेलेला असतो. एकाच जागी एकच चौकट रात्रीमागून रात्र येत असेल, तर तो दगड किंवा बुंधा असतो. अशा पुनरुक्त चौकटी शोधून एकदम वगळण्याची सोय मेगाडिटेक्टरसोबत मिळणाऱ्या साधनांतही आहे. निसटलेल्या बिबट्यांची वेगळी यादी करावी आणि ते दिवसाचे की रात्रीचे, जवळचे की दूरचे, पूर्ण की अर्धे झाकलेले, ते पाहावं. बिबट्या मुख्यतः रात्री फिरतो. दिवसाचं रिकॉल ९५ टक्के आणि रात्रीचं ६० टक्के असेल, तर दोघांची सरासरी कोणाच्याच कामाची नाही.

थ्रेशोल्ड एकदा ठरवला की काम संपत नाही. ऊस तोडला की मागचं दृश्य बदलतं, नवे कॅमेरे आले की फोटोंचा पोत बदलतो, मॉडेलची नवी आवृत्ती आली की कॉन्फिडन्सची पट्टीच बदलते. अशा प्रत्येक बदलानंतर काहीशे ताजे फोटो, रिकाम्यांसकट, माणसाने पाहून प्रिसिजन आणि रिकॉल पुन्हा मोजलेच पाहिजेत.

तेव्हा कोणत्याही ग्रामपंचायतीने, वनविभागाच्या कार्यालयाने किंवा संस्थेने असा डिटेक्टर घेताना विक्रेत्याला चार गोष्टी लेखी मागाव्यात: बिबट्याची स्वतंत्र एपी आणि ती कोणत्या आयओयूवर काढली, वापरायचा थ्रेशोल्ड आणि त्याच थ्रेशोल्डवरचं प्रिसिजन व रिकॉल, ते मॉडेलने न पाहिलेल्या कॅमेऱ्यांच्या, न निवडलेल्या फोटोंवर मोजल्याची खात्री, आणि आपल्या भागात रात्रीला किती खोटे इशारे येतील याचा अंदाज. ही चार उत्तरं मिळेपर्यंत ‘९५ टक्के अचूक’ या शब्दांवर एक रुपयाही खर्च करू नये.